साठीच्या आसपासचं लग्न: फोटोखाली काय लिहायचं

मालवणात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेचे बॅनर असं सगळं करते. अलीकडे लोक छापायला कमी येतात आणि फोन पुढे करून विचारायला जास्त येतात, "ताई, ह्या फोटोखाली काय लिहू?" बारसं असो, साखरपुडा असो, गृहप्रवेश असो, तिथे कुणाचं अडत नाही. अडतं ते एका ठिकाणी. जोडपं साठीच्या आसपासचं असतं, दोघांचे पहिले जोडीदार गेलेले असतात, दोन्हीकडे मोठी मुलं असतात आणि लग्न आनंदाने ठरलेलं असतं. फोटो सुंदर येतो आणि खाली लिहायला घेतलं की घरातले सगळे गप्प होतात.

असं पहिलं कॅप्शन मी शेजारच्या एका घरासाठी लिहिलं होतं, आणि ते चुकलं. "आमच्या नव्या आईबाबांना शुभेच्छा" असं मी हौसेने लिहून दिलं. नवऱ्या मुलाची मुलगी तिशीतली, तिची आई जाऊन तीनच वर्षं झालेली. तिने ते वाचलं आणि कुणाला काही न बोलता कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडली. तेव्हापासून ही ओळ लिहायची वेळ आली की मी आधी विचारते, हे वाचून कुणाच्या पोटात खड्डा पडू शकतो? अशी माणसं पाच-सहाच असतात. कॅप्शन त्यांच्यासाठी लिहायचं. ते त्यांना पटलं तर उरलेल्या चारशे जणांना आवडतंच.

माझ्या चुलतकाकाचं लग्न गेल्या फेब्रुवारीत झालं. त्याचंच उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. घरच्यांना विचारून, नावं बदलून लिहितेय. विजूकाका ६४ वर्षांचा, शाळेतून निवृत्त झालेला. नीलाकाकू सात वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्यात, मुलगी डोंबिवलीला. शुभांगीताई दापोलीकडच्या, निवृत्त परिचारिका. त्यांचे यजमान रमेश अकरा वर्षांपूर्वी गेले. एक मुलगा चिपळूणला, आणि ८४ वर्षांच्या सासूबाई दापोलीत दिरांकडे.

लिहिण्याआधी फोन

कॅप्शनने बातमी द्यायची नसते. ज्यांना बातमी आधीच माहीत आहे त्यांनी आनंदाने पाहावं म्हणून ते असतं. आपल्याकडे हे फार जपावं लागतं, कारण वाडीचा ग्रुप एक, मुंबईच्या मंडळाचा दुसरा, भावकीचा तिसरा, आणि एका ग्रुपवर पडलेला फोटो पाच मिनिटांत तिन्हीकडे पोचतो. "आम्हाला ग्रुपवर कळलं" हे वाक्य एकदा का कुणाच्या तोंडून निघालं की खाली कितीही चांगलं लिहिलेलं असो, ते वाचलंच जात नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. दुसऱ्याचं कायमचं घर वेगळ्या जिल्ह्यात असेल तर एक प्रत तिकडच्या कार्यालयात जाते आणि तिथेही लागते. त्यानंतर ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. म्हणजे काकाचं नाव सिंधुदुर्गात लागलं आणि शुभांगीताईंचं रत्नागिरीतही. सरकारी कार्यालयात कुणाचं ना कुणाचं काम असतंच. जवळच्यांना सांगायची खरी मुदत म्हणूनच नोटीस देण्याच्या आदल्या दिवसापर्यंत असते. लग्नाच्या आदल्या दिवशी सांगू म्हणून थांबलं तर तोवर बोर्ड वाचून कुणीतरी सांगून मोकळं झालेलं असतं.

फोनचा क्रम आम्ही असा ठेवला. आधी मुलं, एकेकाला वेगवेगळं. मग नीलाकाकूची बहीण आणि भाऊ. इथे बहुतेक घरं चुकतात. गेलेल्या बायकोचं माहेर आता परकं झालं असं धरून चालतात, आणि तिकडच्यांना मग वाटतं की आपलं माणूस या घरातून दुसऱ्यांदा गेलं. त्यानंतर शुभांगीताईंच्या सासूबाई. ताई त्यांना भेटायला स्वतः गेल्या, फोनवर सांगितलं नाही. मग भावकीतले सगळ्यांत मोठे, मग शेजार. यातला प्रत्येक फोन ज्याचं नातं त्यानेच करायचा. नीलाकाकूच्या बहिणीला काकानेच फोन केला. मुलाला करायला सांगितला नाही.

पैशाअडक्याचा एक विषयही इथेच उरकावा. लग्न कायदेशीर झालं की मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दुसरी पत्नीही मुलांच्या बरोबरीने वारस होते. घर आणि आंब्याची कलमं असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न मुलांच्या मनात असतोच, ते बोलोत किंवा न बोलोत. तो घरात बसून, वकिलाला विचारून, कागदावर मिटवला असेल तर फोटोखाली उमटत नाही. मिटवला नसेल तर "अभिनंदन बाबा"च्या पुढे उरलेल्या तीन टिंबांतून तो दिसतो.

फोटो निवडताना मागे काय आहे ते बघा

काकाकडे तीन फोटो होते. पहिला कार्यालयातला, सही करताना, मागे फायलींचं कपाट. दुसरा घरच्या खळ्यात तुळशीजवळ. तिसरा पडवीच्या पायरीवर, दोघंही कशाला तरी हसताहेत, शुभांगीताईंच्या केसात सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा. सगळ्यांना दुसरा आवडला, कारण उजेड छान होता. मुलगी फोन हातात घेऊन बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "हे वृंदावन आईने रंगवलंय." काकाच्या ते लक्षातही नव्हतं. वृंदावनावरची पांढरी वेलबुट्टी काकूच्या हातची होती.

फोटो एकदा मोठा करून कोपरे न् कोपरे बघावेत ते यासाठी. भिंतीवर हार घातलेली तसबीर मागे आली असेल तर दोनच पर्याय चांगले. एक तर जागा बदलून दुसरा फोटो काढा, किंवा ती तसबीर मुद्दाम, मान ठेवून, नीट दिसेल अशी घ्या आणि मुलांना आधी दाखवा. अर्धी कापलेली तसबीर सगळ्यांत वाईट. डोकं कापून उरलेला हार फोटोत दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं की माणूस मुद्दाम बाहेर काढला. आम्ही पडवीवरचा फोटो घेतला.

फोटोत कोण आहे तेही बघा. जोडप्याचा फोटो एक आणि सगळ्या कुटुंबाचा वेगळा, हे सोपं पडतं. कुटुंबाच्या फोटोत एखादं मूल आलं नसेल तर तो फोटो जाहीर टाकू नये. लोक फोटोतली माणसं मोजतात.

पहिला मसुदा, आणि तो कुठे टोचला

काकाच्या मुलाने मनापासून हे लिहिलं होतं:

"वयाच्या ६४ व्या वर्षी बाबांना मिळाला हक्काचा आधार! एकाकी आयुष्याला फुटली नवी पालवी. आम्हा मुलांच्या पुढाकाराने आणि आशीर्वादाने बाबांची सेकंड इनिंग सुरू. आई, तूही वरून बघून हसत असशील!"

यात वाईट हेतू कुठेच नाही, आणि दहापैकी आठ कॅप्शनं अशीच असतात. तरी आम्ही दुकानात बसून ते एकेक शब्द धरून वाचलं.

वय आधी काढलं. पहिल्याच ओळीत ६४ आलं की खालचे सगळे अभिप्राय वयावरच येतात. "या वयातही!", "वय हा फक्त आकडा". दोन माणसांचं लग्न बाजूला राहतं आणि वयाचं कौतुक सुरू होतं. फोटोत केस पांढरे दिसतातच, ते वेगळं सांगायला नको.

मग "आधार". हा शब्द ऐकायला मऊ आहे, पण त्याने लग्नाची सोय होऊन जाते. शुभांगीताई परिचारिका होत्या. "हक्काचा आधार" म्हटल्यावर लोक काय समजणार, की म्हाताऱ्याचं करायला माणूस आणलं? त्या स्वतः काही बोलल्या नसत्या, पण त्यांच्या मुलाला ते लागलं असतं.

"एकाकी" हा शब्द मी कुणालाच लिहू देत नाही. तो मुलांकडे बोट दाखवतो. पुण्याला आणि डोंबिवलीला बसून मुलं तो वाचतात तेव्हा त्यांना ऐकू येतं की आम्ही बाबांना एकटं टाकलं. इथे तर मुलानेच तो लिहिला होता. काही वर्षांनी बहिणीने हाच शब्द त्याच्यावर उलटवला असता. "सोबत" चालतं, "साथ" चालतं. आधी काय नव्हतं हे सांगणारे शब्द नकोत.

"नवी पालवी", "नवं आयुष्य", "सेकंड इनिंग" यांची अडचण दुसरी आहे. नवं म्हटलं की आधीचं जुनं ठरतं. नीलाकाकूच्या बहिणीने ते वाचलं की तिला वाटणार, ताईबरोबरची तीस वर्षं म्हणजे वाळलेलं झाड होतं का?

"मुलांच्या पुढाकाराने आणि आशीर्वादाने" हे लोकांना फार आवडतं. पण आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचा असतो. शिवाय पुढाकार मुलांचा म्हटलं की त्या दोघांनी स्वतः काहीच ठरवलं नाही असं होतं. काका आणि शुभांगीताई वर्षभर एकमेकांशी बोलत होते, दोघांनी मिळून ठरवलं, मग मुलांना सांगितलं. "मुलांच्या संमतीने" हेही तसंच. परवानगी मागितल्यासारखं वाटतं, आणि एखाद्या मुलाची संमती नसली तर ते खोटं ठरतं.

सगळ्यांत जास्त वेळ शेवटच्या ओळीवर गेला. "आई, तूही वरून बघून हसत असशील." मुलगी म्हणाली, "तुला काय माहीत ती हसत असेल?" भांडायला म्हणून ती बोलली नव्हती. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपण होकार घालतो तेव्हा जिवंत माणसांपैकी ज्याला तो पटत नाही त्याला बोलायला जागा राहत नाही. आठवण काढता येते. तिच्या वतीने आनंद जाहीर करता येत नाही.

काकाच्या एका मित्राने सुचवलं की महर्षी कर्व्यांचा उल्लेख घाला. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, लग्न केलं. त्या विधवा होत्या, ते विधुर होते, आणि दापोलीजवळच्या मुरूडला त्यांना वाळीत टाकलं गेलं. शुभांगीताईंच्या भागातली गोष्ट असल्याने ती त्यांना जवळची होती. तरी त्यांनीच नको म्हटलं. "मला समाजसुधारणा नाही करायची, लग्न करायचंय." मला हे फार पटलं. थोरांचा दाखला आला की कॅप्शन समर्थन करायला लागतं, आणि ज्याचं समर्थन करावं लागतं ते वावगं असावं असं वाचणाऱ्याला वाटतं.

चार ओळी कशा जुळवायच्या

एवढं काढल्यावर काय उरलं? मी चार जागा धरते: काय झालं, एक बारीक गोष्ट, गेलेल्यांची आठवण, आणि बोलावणं. क्रम बहुतेक हाच राहतो.

काय झालं ते सरळ सांगायचं. "आज आम्ही लग्न केलं." "विवाहबद्ध झालो" चालतं, पण "केलं" या शब्दात दोघांचा निर्णय येतो. "पुनर्विवाह" हा शब्द कागदावर ठीक आहे, फोटोखाली तो अर्जासारखा वाचला जातो. "दुसरं लग्न"ही लिहायची गरज नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

नावं नुसती. चि. आणि सौ. कां. इथे बसत नाहीत हे सगळ्यांना कळतं, मग लोक श्री. आणि श्रीमती लिहितात. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत श्रीमती म्हणजे नवरा गेलेली बाई असाच अर्थ घेतात. लग्नाच्या दिवशी तो शब्द नको. लगेच सौ. लावलं तर काहींना घाई वाटते. आडनावाचा प्रश्नही असतो. शुभांगीताईंची पेन्शन आणि बँकेची खाती जुन्या आडनावाने आहेत, मुलाचं आडनाव तेच आहे, आणि त्यांना ते ठेवायचं होतं. "विजय – शुभांगी" लिहिलं की यातलं काहीच विचारलं जात नाही.

बारीक गोष्ट म्हणजे त्या दिवशी खरंच घडलेलं काहीतरी. आनंद तिथून येतो. "आनंदाचा क्षण" लिहून तो येत नाही. मी काकाला विचारलं, फोटोत कशाला हसताय? तेव्हा कळलं. फेब्रुवारी म्हणजे सुरंगीचे दिवस. काका पहाटे बाजारात जाऊन वळेसर घेऊन आला. आणला खरा, पण माळून द्यायला गेला आणि तो काही नीट बसेना. पिना पडल्या, चार फुलं गळली, बाहेर गाडी उभी, साक्षीदार आत बसलेले. शेवटी शुभांगीताईंच्या मुलाने मोबाईलचा टॉर्च धरला आणि काकाच्या मुलीने पीन लावली. हे सांगताना काकाचा चेहरा जसा झाला तसा तो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ओळ तिथेच सापडली. अशी गोष्ट सापडत नसेल तर विचारा: सकाळी कोण आधी उठलं, काय विसरलं, येताना वाटेत कुठे थांबलात, घरी आल्यावर पहिलं काय खाल्लं.

गेलेल्यांची आठवण घालायची की नाही, यावर घराघरात वाद होतो. शुभप्रसंगी कशाला, असं वडीलधारे म्हणतात. मी त्यांना नांदीश्राद्धाची आठवण देते. लग्नाआधी पितरांना आठवायचं हे आपल्या विधीतच आहे, आणि देवापुढच्या गाऱ्हाण्यातही मूळपुरुषाचं नाव आधी घेतात. आठवण अशुभ नाही, पण तिला माप हवं. एक ओळ पुरे. दोघांच्याही जोडीदारांची नावं एकत्र, एकाच वाक्यात यावीत. एकाचं आलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर आठवण न काढलेली बरी. जागा तिसरी. सुरुवातीला आली तर फोटोच श्रद्धांजलीचा होतो, शेवटी आली तर वाचणारा तिथेच थांबतो आणि खाली अभिनंदनाऐवजी हात जोडलेली चिन्हं पडू लागतात. "कै." नको, नुसतं नाव.

शेवटी बोलावणं. लग्न छोटं झालं की नातेवाइकांना वाटतं आपल्याला वगळलं. "घरी या" या दोन शब्दांनी ते निम्मं निवतं. मात्र खरंच यावं असं वाटत असेल तरच लिहा, कारण आपल्याकडे लोक येतात.

झालेलं कॅप्शन हे:

"आज आम्ही लग्न केलं.
सुरंगीचा वळेसर पहाटे बाजारातून आणला, तो केसात नीट बसेपर्यंत गाडी अर्धा तास खोळंबली.
नीला आणि रमेश, दोघांचीही आज आठवण काढली.
घरी या, पडवीत बसू.
विजय – शुभांगी"

मुलांचा उल्लेख नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो आम्ही ठरवून गाळला. मुलीला आनंद होता, ती तीन साक्षीदारांपैकी एक होती, पण ऑफिसातल्या लोकांनी येऊन विचारावं हे तिला नको होतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं आणि काकाने ते मानलं. मुलांची नावं घालायची असतील तर तीनही अटी पाळाव्यात. प्रत्येकाला विचारलेलं असावं, सगळ्यांची किंवा कुणाचीच नाही, आणि मुलांना काय वाटतं हे आपण लिहायचं नाही. "अमुक आणि तमुक सोबत होते" एवढंच पुरे. नातवंडांची नावं तर त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय घालूच नयेत.

एखादं मूल विरोधात असेल तर मुलांबद्दल एकही शब्द नको. "सर्व कुटुंबीयांच्या साक्षीने" हेही नको, कारण ते वाचून त्याला वाटतं की आपण कुटुंबात धरलेलो नाही. फोटो फक्त दोघांचा, मजकूर पहिली, दुसरी आणि चौथी ओळ.

जोडीदार गेलेला नसून घटस्फोट झालेला असेल तर तिसरी ओळ पूर्ण गाळा. "अखेर योग्य माणूस भेटला" यासारखं काहीही लिहू नका. आधीचा माणूस तुमचा कुणी उरला नसला तरी मुलांचा आई किंवा बाप आहेच.

भावकीच्या ग्रुपवर वळेसराची गोष्ट नको वाटत असेल तर वेगळा मजकूर करा. काकाने तिकडे एवढंच टाकलं: "कळविण्यास आनंद होतो की आज माझा आणि शुभांगी यांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला. दोघं मालवणच्या घरी आहोत. आपली भेट व्हावी. विजय." आणि बोलीत लिहायची इच्छा असेल तर जरूर लिहा. काकाच्या आत्येचं म्हणणं होतं, "मालवणीत लिही, लपवूचा कित्याक?" तिने सुचवलेली ओळ मला अजून आवडते: "आजपासून सकाळची चाय दोघांची." शुभांगीताईंची बोली वेगळी असल्याने ती आम्ही घेतली नाही, इतकंच.

टाकण्याआधी मोठ्याने वाचा

मजकूर पाठवून "बघ कसं वाटतंय" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात. फोन करून वाचून दाखवा आणि गप्प राहा. मुलीला वाचून दाखवलं तेव्हा आधी तिसरी ओळ "आज आमच्यासोबत होते" अशी होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सोबत नव्हते ना, बाबा." तिथे "आठवण काढली" आलं. नीलाकाकूच्या बहिणीला आणि शुभांगीताईंच्या सासूबाईंनाही आधी ऐकवलं. सासूबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. रमेश हे नाव आल्यावर त्या "बरं केलंस" म्हणाल्या.

दिवस आणि वेळही ठरवून घ्या. पहिल्या जोडीदाराची पुण्यतिथी, वाढदिवस, आधीच्या लग्नाचा वाढदिवस हे कॅलेंडरवर बघा, तिथी आणि तारीख दोन्ही. नोटिशीनंतर लग्नाला तीन महिन्यांची मुदत असते, तेव्हा दिवस निवडायला जागा असते. पोस्ट संध्याकाळी टाकावी, मुलं कामावरून घरी पोचल्यावर. लोकलच्या गर्दीत उभं राहून वडिलांच्या लग्नाचे अभिप्राय वाचायची वेळ कुणावर येऊ नये. त्यानंतरचे दोन तास फोन हाताशी आणि रेंजमध्ये असावा.

पोस्ट जोडप्यानेच, स्वतःच्या फोनवरून टाकायची. मुलांनी, पुतण्यांनी हौसेने आधी टाकू नये, हे सगळ्यांना सांगून ठेवा. कुणाला टॅग करू नका, ज्याला हवं तो स्वतः शेअर करील. व्हॉट्सॲपवर स्टेटस २४ तास राहतं आणि ते कुणाला दिसावं हे `Status privacy` मध्ये ठरवता येतं. तिथे `My contacts except...` निवडून एखाद्याला वगळता येतं. पण वगळून लपत काही नाही, दुसऱ्याच्या फोनवर तो माणूस बघतोच. ज्याच्यापासून लपवावंसं वाटतंय त्याला फोन करायचा राहिला आहे, असं समजा. ग्रुपवर टाकलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. नावात चूक झाली असेल तर तेवढ्यात बघून घ्या.

खाली लोक काय लिहितात

बहुतेक चांगलंच लिहितात. त्यांना एकत्र "मनापासून आभार" पुरे. दोन प्रकारच्या अभिप्रायांची तयारी आधीच ठेवावी.

एक म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण काढणारे. काकाच्या फोटोखाली गावातल्या एका बाईंनी लिहिलं, "नीलावहिनींची आठवण आली." पुतण्या चिडला, काढून टाकू म्हणाला. काकाने उत्तर लिहिलं, "आम्हालाही येते. या एकदा घरी." त्या बाई पुढच्या आठवड्यात फणसाचे तळलेले गरे घेऊन खरंच आल्या. ही माणसं बहुतेक वेळा टोमणा मारत नसतात, त्यांना नुसतं आठवलेलं असतं. उत्तर शुभांगीताईंनी दिलं नाही, काकाने दिलं, आणि तेच बरोबर. ज्याचं माणूस गेलं त्याने बोलायचं.

दुसरे म्हणजे वयावरून थट्टा करणारे. त्याला उत्तर देऊ नका, समजावू नका, मुलांनाही भांडू देऊ नका. फेसबुकवर असेल तर अभिप्राय काढून टाका आणि काढल्याचं कुठे बोलू नका. माणूस जवळचा असेल तर दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणा मोठ्याने त्याला फोन करावा. मिळकतीवरून काही आलं, "आता कलमांचं काय" अशा धर्तीचं, तर तेही लगेच काढावं. जाहीर उत्तर दिलं की तो विषय मुलांच्या डोक्यात पुन्हा उघडतो.

एक काम शेवटी राहतं, आणि ते न करण्याचं आहे. लग्नानंतर कुणीतरी सुचवतं की जुने फोटो आता काढा, प्रोफाइलवर बरं दिसत नाही. काकालाही तिघांनी सांगितलं. शुभांगीताईंनी नको म्हटलं. काकाच्या फेसबुकवर काकूबरोबरचे सगळे फोटो जिथल्या तिथे आहेत, रमेशभाऊंचे ताईंकडे आहेत, प्रोफाइलवर मात्र पडवीवरचा फोटो आहे. मुलगी मला नंतर म्हणाली की लग्नाच्या रात्री डोंबिवलीला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर तिने आधी तेच बघितलं होतं, आईचे फोटो आहेत का. ते होते. मग तिने वडिलांच्या फोटोखाली जाऊन लिहिलं, "वळेसर मी लावलाय."